पिशवी सापडली, गोष्ट हरवली

«माझी मुलगी दहावीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, पण वाचन इंग्रजीच. मराठीच्या सराव परीक्षांत बाकी सगळं ठीक असतं, कथालेखनात मात्र दर वेळी गुण जातात. बाईंचा शेरा ठरलेला: "कथेला वळण नाही. काळ तपासा." मला वाटतं तिच्याकडे कल्पनाशक्तीच कमी आहे. म्हणून मार्गदर्शकातून दहा कथा निवडून तिला पाठ करायला दिल्या आहेत. काळाचं म्हणाल तर मी तिला सोपा नियम सांगितला आहे: गोष्ट भूतकाळात लिहायची, म्हणून प्रत्येक क्रियापदाला होता-होती लाव. तरीही शेरा तोच. तिने मुद्द्यांवरून लिहिलेली एक कथा सोबत पाठवते. पाठांतराच्या कथा वाढवू का, की शिकवणी लावू?» — एक आई, मुलुंड

ताई, सोबतची कथा दोनदा वाचली. कल्पनाशक्तीचा प्रश्न मला त्यात दिसला नाही. लोकल, पिशवी, पोलीस, बक्षीस हे सगळं तिला सुचलेलं आहे. अडचण त्यांच्या जागेची आहे. कोणती गोष्ट कितव्या शब्दाला येते, यावरच बाई बोट ठेवत असाव्यात. वाचकांनाही पुढचं समजावं म्हणून कथा इथे जशीच्या तशी देते. मुद्दे होते: लोकलचा प्रवास, राहिलेली पिशवी, आत काय?, मालकाचा शोध, शेवट.

"एका गावात मीरा नावाची मुलगी राहत होती. ती खूप हुशार, प्रामाणिक आणि प्रेमळ होती. ती रोज सकाळी लवकर उठायची. तिची आई तिला डबा देते. तिला शाळा खूप आवडत असे. एके दिवशी ती स्टेशनवर गेली होती. लोकल आली होती. मीरा गाडीत चढते आणि खिडकीजवळ बसली. तिथे तिला एक पिशवी दिसली. मीरा पिशवी उघडली. आत पैसे होते. तिने ती पोलिसांना दिली. सर्वांनी तिचे कौतुक केले आणि तिला बक्षीस मिळाले."

आता शब्द मोजू. एकूण 67. त्यांपैकी पहिल्या 29 शब्दांत काहीही घडत नाही. मीरा कशी आहे एवढंच कळतं. पिशवी दिसते तेव्हा 49 शब्द संपलेले असतात. म्हणजे पाचांपैकी तीन मुद्दे उरलेल्या 18 शब्दांत कोंबायचे. मालकाचा शोध घ्यायला तिथे जागाच नाही, म्हणून पोलीस येतात आणि प्रकरण मिटवून टाकतात. (आणि मीरा राहते एका गावात, पण घराबाहेर पडली की थेट लोकल! 'एका गावात' हे शब्द गोष्टीच्या गरजेतून आलेले नाहीत, पाठांतरातून आलेले आहेत.)

पाठ केलेल्या कथांचा तोटा इथेच दिसतो. त्या कथा मुळात मोठ्या असतात, दोन-तीनशे शब्दांच्या. त्यांची सुरुवात ऐसपैस असते आणि मोठ्या कथेत ती शोभते. मुलं ती सुरुवात लक्षात ठेवतात, कारण पाठ करताना सगळ्यात जास्त वेळा तीच म्हटली जाते. मग शब्दमर्यादा 90 ची असली तरी सुरुवात 250 शब्दांच्या कथेचीच येते. म्हणून दहाच्या वीस कथा करू नका. आहेत त्या दहा फेकायचीही गरज नाही, त्यांचा वेगळा उपयोग पुढे सांगते.

आधी वळणाबद्दल, कारण त्याबाबत बहुतेक मुलांचा एक गैरसमज असतो. पिशवी सापडली हेच वळण, असं तुमच्या लेकीला वाटत असणार. ते वळण नाही. पिशवी हा प्रश्नात दिलेला मुद्दा आहे, तो प्रत्येक उत्तरपत्रिकेत येणार. पिशवीमुळे गोष्ट सुरू होते. वळण त्याच्या पुढे असतं: पात्र एका दिशेने चाललेलं असतं, त्याला काहीतरी कळतं किंवा काहीतरी घडतं, आणि आता त्याला त्याच दिशेने जाता येत नाही. याची परीक्षा सोपी आहे. ते वाक्य बोटाने झाकायचं आणि शेवट वाचायचा. शेवट तरीही लागू पडत असेल, तर झाकलेलं वाक्य वळणाचं नव्हतं. तुमच्या लेकीच्या कथेत 'आत पैसे होते' झाकून बघा. मीराने पिशवी पोलिसांना दिली, कौतुक झालं, बक्षीस मिळालं. काहीच अडत नाही. पिशवीत छत्री असती तरी हेच झालं असतं.

वळण बसायला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती सुरुवातीत पेरावी लागते. वळणावर पात्राचं काहीतरी पणाला लागायला हवं. मीरा हुशार, प्रामाणिक, प्रेमळ असल्याने काही पणाला लागत नाही. तिला साडेदहाला कुठेतरी पोचायचं आहे, हे कळलं की लागतं. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांत स्वभावाची विशेषणं लिहायची नाहीत. तिथे तीनच गोष्टी यायला हव्यात: पात्र कोण, ते आत्ता कुठे आहे, आणि त्याला काय हवं आहे. प्रामाणिकपणा कृतीतून कळतो, आधी सांगून ठेवला की पुढचं सगळं ठरलेलं वाटतं.

आता तेच मुद्दे घेऊन कथा पुन्हा उभी करू. शब्दमर्यादा 90 धरते. (तुमच्या प्रश्नपत्रिकेत छापलेली असेल ती धरा, प्रमाण तेच राहील.) पहिलं वाक्य लिहायच्या आधी वळणाचं वाक्य ठरवायचं. पिशवीत असं काय असावं, की मीराला पुढे जाताच येऊ नये? पैसे चालणार नाहीत, कारण पैसे संध्याकाळीही परत देता येतात. वेळेचं बंधन असलेली वस्तू हवी. औषध चालेल, मुलाखतीचं पत्र चालेल. आपण परीक्षेचं प्रवेशपत्र घेऊ, बारावीचं, अकराच्या पेपरचं. त्यावर केंद्राचं नाव असतं, म्हणजे 'मालकाचा शोध' हा मुद्दाही त्यातच सुटला. मग उलट जायचं: मीराचं काय बुडायला हवं? तिचीही एखादी ठरलेली वेळ. वक्तृत्व स्पर्धा. भाषणाचा विषय 'परोपकार' ठेवला तर शेवटाला काहीतरी हाती लागेल.

एक बारीक गोष्ट मुंबईकर परीक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना आपण रेल्वेत सतत ऐकतो. मीराने अनोळखी पिशवी सरळ उघडली, तर वाचणाऱ्याला ते खटकतं. म्हणून पिशवी कोणाची ते मीराने पाहिलेलं असावं, आणि पिशवी पारदर्शक असावी, म्हणजे उघडायलाच नको. परीक्षेला जाणाऱ्या मुलांकडे तशी पिशवी असतेही.

"मीरा सकाळच्या लोकलने मुलुंडहून दादरला जात होती. साडेदहाला तिची वक्तृत्व स्पर्धा होती. 'परोपकार' या विषयावरचे भाषण ती मनात घोळवत होती. भांडुपला समोरची मुलगी घाईने उतरली. तिची पारदर्शक पिशवी सीटवरच राहिली. 'दादरला पोलिसांकडे देऊ,' असे म्हणत मीराने पिशवी उचलली. पाहते तर काय, आत बारावीचे प्रवेशपत्र होते! पेपर अकराचा होता, केंद्र भांडुपचे. मीरा कांजुरमार्गला उतरली आणि उलट्या गाडीने परतली. केंद्राच्या दारात ती मुलगी रडत उभी होती. मीराने पिशवी तिच्या हातात ठेवली. दादरला ती पोचली, तेव्हा तिचा क्रमांक पुकारून झाला होता. आईने विचारले, "भाषण कसं झालं?" मीरा म्हणाली, "आज करायची वेळच आली नाही.""

ही कथा बरोबर 90 शब्दांची आहे. सुरुवातीला 20 शब्द लागले. वळण 39व्या शब्दाला सुरू होऊन 50व्या शब्दाला संपलं, म्हणजे जवळपास मधोमध. त्यानंतर 40 शब्द हातात राहिले, म्हणून शेवट घाईत उरकावा लागला नाही. परीक्षेत शब्द मोजत बसायला वेळ नसतो. त्यामुळे घरी एकदाच मोजून घ्यायचं की लेकीच्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात. समजा आठ बसतात. मग 90 शब्दांच्या 11 ओळी होतात आणि वळण पाचव्या-सहाव्या ओळीत यायला हवं. सहावी ओळ लिहून झाली आणि मीरा अजून डबाच भरते आहे, तर सुरुवात लांबली हे तिला तिथेच कळेल. वळण फार लवकर येणं हाही दोष आहे, पण मी पाहिलेल्या चुकांत तो विरळा. मुलं सुरुवातीला रेंगाळतात आणि शेवटी धावतात.

बक्षीस मी मुद्दाम काढून टाकलं. बक्षीस, सत्कार, वर्तमानपत्रात फोटो हे सगळं बाहेरून येऊन गोष्ट संपवतं. शेवट सुरुवातीतल्या वस्तूकडे परतला तर तो आपला आपण लागतो, आणि इथे ती वस्तू म्हणजे न केलेलं भाषण. असा शेवट जमला नाही तरी गुण जातील असं नाही. 'मीराने पिशवी तिच्या हातात ठेवली' इथे थांबलं तरी कथा पूर्ण आहे. पोलीस मात्र तेव्हाच आणा जेव्हा गोष्टीत त्यांचं काही काम असेल.

आता काळ. ताई, इथे थोडी चूक तुमच्या नियमाची आहे, आणि रागावू नका, हा नियम मुंबईतल्या अर्ध्या घरांत सांगितला जातो. होता-होती लावलं की भूतकाळ होतो हे खरं, पण तो कोणता भूतकाळ होतो? 'लोकल आली' म्हटलं की लोकल आली, पुढे चला. 'लोकल आली होती' म्हटलं की वाचणारा थांबतो आणि विचारतो, बरं, मग काय झालं? कारण 'आली होती' हे दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचं सांगायला वापरतात. 'मीरा स्टेशनवर पोचली तेव्हा लोकल आली होती' यात लोकल आधी, मीरा नंतर. 'ती स्टेशनवर गेली होती. लोकल आली होती.' यात कोण आधी, कोण नंतर? दोन्ही मागेच राहतात आणि गोष्ट पुढे सरकतच नाही. बोलताना आपण 'मी काल गेले होते' असं सर्रास म्हणतो, तिथे ते चालतं, कारण तिथे गोष्ट सांगायची नसते, खबर द्यायची असते. ती सवय उत्तरपत्रिकेत उतरते.

म्हणजे 'सगळी क्रियापदं एकसारखी' हे उद्दिष्टच नको. गोष्टीतल्या भूतकाळाच्या वेगवेगळ्या रूपांना वेगवेगळी कामं असतात. घटना एकामागून एक घडतात तिथे साधा भूतकाळ: उतरली, राहिली, उचलली, परतली, ठेवली. हा कथेचा कणा. त्याच वेळी मागे काहीतरी चालू असतं, तिथे अपूर्ण: जात होती, घोळवत होती. वरच्या कथेत ही रूपं पहिल्या तीन वाक्यांतच आहेत, घटना सुरू झाल्यावर ती थांबली. (पुढचं 'उभी होती' हे स्थिती सांगणारं आहे, ते कुठेही येऊ शकतं.) आणि एखादी गोष्ट आधीच होऊन गेलेली असते, तिथे पूर्ण: 'पुकारून झाला होता'. नव्वद शब्दांत हे रूप एकदा आलं. दोनदा चालेल. पाच वेळा आलं, तर कुठेतरी तुमचा नियम डोकावतो आहे असं समजा.

चौथं रूप सवयीचं: 'आवडत असे', 'उठायची'. तुमच्या लेकीने दोन्ही वापरलेत, एक पुस्तकी आणि एक बोलीतलं, दोन वाक्यांच्या अंतराने. छोट्या कथेत सवयी सांगायला जागाच नसते, त्यामुळे हे रूप टाळता आलं तर उत्तम. वापरायचंच असेल तर 'उठत असे' हे एकच रूप धरावं.

राहिला वर्तमानकाळ. 'आई डबा देते', 'मीरा गाडीत चढते आणि बसली'. हे का होतं ते समजलं तर थांबवता येतं. आपण तोंडी गोष्ट सांगताना वर्तमानकाळातच सांगतो: 'मग तो येतो, दार उघडतो, आणि काय...' मुलं मित्रांना सिनेमाची गोष्ट सांगतात तीही अशीच. लिहिताना डोळ्यांसमोर चित्र आलं की हात आपोआप वर्तमानात घसरतो, आणि घसरतो तो बहुतेक हालचालीच्या क्रियापदांवर: चढते, येतो, धावते, बघतो. तपासताना आधी हीच क्रियापदं शोधायची. याला एक अपवाद आहे आणि तो मराठीचा खास आहे: 'पाहते तर काय', 'बघतो तर दार बंद'. भूतकाळातल्या कथेत, नेमक्या वळणावर, ही वर्तमानाची रूपं चूक नाहीत. उलट वाचणाऱ्याला तिथे दचकवायला ती बनलेली आहेत. पण एका कथेत एकदाच. आणि लगेच पुढच्या अर्ध्या वाक्यात भूतकाळात परतायचं: 'आत बारावीचे प्रवेशपत्र होते.'

संवादांत काळ बदलायचा नसतो. पात्र बोलतं ते त्याच्या क्षणी बोलतं. 'दादरला पोलिसांकडे देऊ' हे मीराचं म्हणणं भूतकाळात ओढायला जाल तर वाक्य मोडेल. अवतरणचिन्हांच्या आतलं सोडून बाहेरचंच तपासायचं, हे लेकीला स्पष्ट सांगा. नाहीतर काळ सारखा करण्याच्या नादात मुलं संवादही दुरुस्त करून बसतात.

'मीरा पिशवी उघडली' हे वाक्य बाईंनी काळाच्याच शेऱ्यात धरलं असावं. वर्तमानात 'मीरा पिशवी उघडते' बरोबर आहे. ते भूतकाळात नेताना फक्त शेवट बदलून भागत नाही, मीराला 'ने' लागतो आणि क्रियापद मीराचं न राहता वस्तूचं होतं. मीराने पिशवी उघडली, मीराने डबा उघडला, मीराने पाकीट उघडले. तुमच्या लेकीची चूक तिला ऐकू येत नाही, याचं कारण मीराही स्त्रीलिंगी आणि पिशवीही स्त्रीलिंगी, त्यामुळे 'उघडली' दोन्हीकडे जुळतं. शंका आली की मनात वस्तू बदलून पाहायची. 'मीरा डबा उघडली' म्हटलं की घरात मराठी ऐकलेल्या कानाला लगेच टोचतं. वस्तूऐवजी माणूस असेल आणि त्याला 'ला' किंवा 'ना' लागला असेल, तर क्रियापद कोणाचंच राहत नाही: मीराने मुलीला थांबवले, मुलींना थांबवले. काही क्रियापदं 'ने' घेत नाहीत, त्यांतली कथेत हमखास लागणारी म्हणजे म्हणणे, बोलणे, विसरणे. ती म्हणाली, ती बोलली, ती पिशवी विसरली. पण तिने सांगितले, तिने विचारले. संवाद असलेल्या प्रत्येक कथेत 'म्हणाली' आणि 'सांगितले' येतात, त्यामुळे एवढी जोडी तरी पक्की हवी.

एक गोष्ट लेकीच्या कथेत नाही, पण इंग्रजी माध्यमातल्या इतर मुलांच्या उत्तरांत वारंवार दिसते: एका वाक्यात 'उघडले', पुढच्यात 'पाहिलं'. निवेदनात 'उघडले, पाहिले, झाले' आणि पात्रांच्या तोंडी 'उघडलं, झालं' अशी वाटणी ठेवायची. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडी 'असं केलं' लिहायला वाव आहे. वरच्या कथेत आईचं 'कसं झालं' तसंच ठेवलं आहे ते म्हणून. (हे सदर मी बोलल्यासारखं लिहिते. उत्तरपत्रिकेत माझं अनुकरण नको.)

आता त्या दहा कथांचं काय करायचं ते सांगते. पाठ करायच्या नाहीत, चिरायच्या. रोज एक कथा घ्यायची, पेन्सिलने फक्त क्रियापदांभोवती गोल करायचा आणि समासात एकेक अक्षर लिहायचं: साध्याला सा, अपूर्णाला अ, पूर्णाला पू. दहा मिनिटांचं काम आहे. दोन-तीन कथांनंतर दिसायला लागेल की 'अ' वरच्या भागात दाटलेले असतात, मग 'सा'ची रांग लागते, 'पू' तुरळक येतात. मग हेच लेकीने तिच्या स्वतःच्या कथेवर करावं. तिच्या सध्याच्या कथेचा समास वाचला तर कळेल की रांग फार उशिरा लागते. त्याआधी अ, सवय, वर्तमान, सवय, पू, पू, वर्तमान अशी ती उड्या मारते. त्याच पानांवर दुसऱ्या रंगाने वळणाच्या वाक्याखाली रेघ मारायची आणि ते झाकून शेवट वाचायचा. छापील कथांतही काहींना वळण नसतं, हे तिला सापडलं तर फारच छान.

पूर्ण कथा लिहिण्याचा सराव आठवड्यातून एकदा पुरे. रोज मात्र मुद्द्यांचा एक नवा संच घ्यायचा आणि त्यावर फक्त दोन वाक्यं लिहायची: वळणाचं वाक्य आणि ते वळण लागू पडावं म्हणून सुरुवातीत पेरायचं वाक्य. कल्पनाशक्तीला लागणारा व्यायाम एवढाच आहे. ती दोन वाक्यं जमली की उरलेली आपोआप त्यांच्यामध्ये बसतात.

शिकवणीबद्दल विचारलंत. शिकवणीत तुमच्या लेकीने लिहिलेली कथा कोणी समोर बसून क्रियापदागणिक तपासणार असेल, तर जरूर लावा. तिथेही छापील कथाच वाटल्या जाणार असतील, तर त्या तुमच्याकडे आधीच दहा आहेत. शाळेच्या बाईंनी दिलेला शेरा खरं तर नेमका आहे. पुढच्या वेळी लेकीने त्यांना एवढंच विचारावं की वळण कुठल्या वाक्यात हवं होतं. कोणतीही बाई हे दोन मिनिटांत सांगेल.

परीक्षेच्या वेळेचा हिशोब असा. कथेला 15 मिनिटं धरली तर पहिली तीन कच्च्या कामाची: वळणाचं वाक्य, पेरणीचं वाक्य, शेवटाचे दोन-तीन शब्द. लिहायला नऊ-दहा. शेवटच्या दोन मिनिटांत कथा पुन्हा वाचायची नाही. वाचायला गेलं की आपण गोष्टीत रमतो आणि चूक दिसत नाही. बोट प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ठेवत जायचं, कारण मराठीत क्रियापद बहुतेक तिथेच बसलेलं असतं. 'आणि'ने जोडलेल्या वाक्यात मधेही एक असतं, 'चढते आणि बसली'मधलं 'चढते' तसंच निसटलं. म्हणून 'आणि' दिसला की त्याच्या आधीचा शब्दही तपासायचा.

मुद्द्यांऐवजी अपूर्ण कथा देऊन ती पूर्ण करायला सांगितली असेल, तर काळ आणि पुरुष दिलेल्या शेवटच्या वाक्याकडून घ्यायचे. ते 'मी दार उघडले' असं असेल, तर पुढे सगळीकडे मीच. दोन वाक्यांनंतर 'राजूने पाहिले' आलं की परीक्षकाला कळतं की पाठ केलेली कथा चिकटवली आहे. अशा प्रश्नात सुरुवात झालेलीच असते, त्यामुळे वळण आणखी लवकर, आपल्या लेखनाच्या तिसऱ्या-चौथ्या वाक्यातच घ्यावं.

शीर्षक आणि तात्पर्य मागितलं असेल तर लिहायचंच, पण शीर्षकाने वळण फोडू नये. 'प्रामाणिकपणाचे फळ' वाचलं की पुढे वाचायला काही उरत नाही. वरच्या कथेला 'राहिलेली पिशवी' चालेल, 'न केलेले भाषण' जास्त चांगलं. तात्पर्य वेगळ्या ओळीत, एकाच वाक्यात लिहावं आणि ते वर्तमानकाळात असलं तरी बिघडत नाही, ते गोष्टीच्या बाहेरचं असतं.

आजच्यासाठी लेकीला हा संच द्या: पावसाळी संध्याकाळ, बंद पडलेली बस, एकच छत्री, अनोळखी आजी, शेवट. पूर्ण कथा नको, दोनच वाक्यं. तिने आजींना छत्री दिली असं लिहिलं, तर विचारा: त्या छत्रीची त्या संध्याकाळी तिला स्वतःला कशासाठी गरज होती?